श्वास कुठल्या टेकचा?

एकच गाणं अनेकदा गाऊन घेतलेल्या रेकॉर्डिंगमधून, म्हणजे टेकमधून, एक सलग आवाज जोडताना हा सल्ला दिला जातो: "प्रत्येक ओळीचा सर्वांत सुरेल टेक निवडा आणि ओळींमधल्या शांततेत जोडून टाका."

तिथे शांतता कुठे असते हो? तिथे श्वास असतो, आणि तो पुढच्या ओळीचा असतो. एका गाण्यात मी पहिली ओळ दुसऱ्या टेकमधली घेतली, दुसरी पाचव्यातली, आणि कट मारला तो नेमका श्वास संपून शब्द सुरू होतो तिथे. पाचव्या टेकमध्ये गायिकेने खोल श्वास घेऊन ओळ जोरात उचलली होती. माझ्या कॉम्पमध्ये, म्हणजे जोडून केलेल्या आवाजात मात्र त्या ओळीआधी दुसऱ्या टेकमधला घाईचा, उथळ श्वास आला. सूर अचूक, तरी दोन वेगळ्या बायका गातायत असं वाटायचं. कट श्वासाच्या आधी सरकवला, एक टेक विरत असतानाच दुसरा वर येईल असा दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला आणि सांधा ऐकू येईनासा झाला.

आणि निवड फक्त सुरेलपणावर करू नका. मी आता भाव जमलेला एकच टेक पाया म्हणून धरतो, त्यातल्या फसलेल्या ओळीच तेवढ्या बदलतो. मग वाद्यं म्यूट करून हेडफोनवर नुसता आवाज ऐकतो. ढोलकीखाली लपलेला सांधा तिथे लगेच उघडा पडतो.