सरासरी उपस्थिती : समाधानकारक

पालकसभेत काय बोलायचं हे आता मास्तराला सुचावं लागत नाही. ते वरून स्लाइडमध्ये येतं. आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला फाईल पडली, तिचं नाव होतं ‘उपस्थिती, गृहकार्य व मूल्यमापन धोरण – पालक उद्बोधन – अंतिम – नवीन – 2’. खाली सूचना : स्लाइडच्या आधारे भाषण तयार करून सभा घ्यावी, फोटो पाठवावेत. ग्रुपवर लगेच पन्नासेक जणांनी हात जोडले. मीही जोडले.

आमची शाळा दोन शिक्षकांची, पाचवीपर्यंतची, पटावर 25. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, पावसाळा निंदण-डवरणीत जातो, आणि पालकाला जरा फुरसत मिळेल असं वाटावं तोच कापूस फुटतो. पालकसभा नेमकी तेव्हाच येते. तारीख काढणारा माणूस कापूस फक्त गादीत पाहत असावा.

मी भाषण लिहायला बसलो ते शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या ओसरीवर, कारण रेंज तिथेच येते. शेजारी खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांची नात चौथीत आहे, म्हणजे श्रोता आयता मिळाला.

पहिली स्लाइड उपस्थितीची. शाळेने स्वतःचे गेल्या वर्षीचे आकडे भरायचे होते, आम्ही भरले आणि उत्तर आलं 92 टक्के. समोरच्या चौकोनात आपोआप हिरव्या रंगात ‘समाधानकारक’ उमटलं. मी मोठ्याने वाचलं, “आपल्या शाळेची सरासरी उपस्थिती 92 टक्के आहे, ही अभिमानाची बाब आहे.”

“मंग सभा कायले घेता जी?” मावशी म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. मी हजेरीपट काढला. 25 पैकी 21 पोरं जवळपास रोजची, 98 टक्केवाली, एक 80 टक्क्यांवर. उरलेली तीन 50 टक्क्यांवर, म्हणजे एक दिवस शाळेत तर एक दिवस शेतात. सगळ्यांची बेरीज करून 25ने भागलं की साधारण 92 येतात आणि ती तीन पोरं हिरव्या चौकोनात बुडून जातात. आता सभेत मी 92 वाचला तर 22 घरचे पालक खूश होऊन माना डोलावणार, आणि त्या तिघांच्या घरचं कोणी सभेला असणारच नाही, कारण ते वेचायला गेलेले असतील. म्हणजे जे आले त्यांनाच गैरहजेरीबद्दल चार शब्द सुनावायचे. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ग्रामसभेतही ती चांगली चालते.

म्हणून सरासरी भाषणातून काढली आणि टक्क्यांचे दिवस केले. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरवायची असते, त्यामुळे हिशेब सोपा : एक टक्का म्हणजे दोन दिवस.

“मंग माही नात?” मावशींनी सूप खाली ठेवलं.

नात 80 टक्के. स्लाइडवर 75च्या वर सगळेच पास होते. मावशींचा चेहरा खुलला. तेवढ्यात मी हजेरीपटाची पानं उलटली. 80 टक्के म्हणजे 40 दिवस गैरहजर, आणि हे चाळीसही दिवस दिवाळी ते संक्रांत या पट्ट्यातले. आई वेच्याला गेली की धाकट्याला हिने सांभाळायचं. दुसरं सत्र असतं साधारण शंभर दिवसांचं. वर्षाची 80 टक्के पोरगी त्या सत्रात 60 टक्केच शाळेत होती. तिसरीतला भागाकार आम्ही नेमका तेव्हाच घेतला, आणि ती परत आली तेव्हा वर्ग अपूर्णांकात होता. हेच 40 दिवस वर्षभर विखरून पडले असते तर एखाददुसरी कविता हुकली असती, मैत्रिणीने सांगितली असती. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक खडा जरा लांब फेकला.

त्याच स्लाइडच्या तळाशी मुलींच्या उपस्थिती भत्त्याची ओळ होती. दुर्बल घटकांतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीमागे रोज 1 रुपया, हा 1992 साली ठरलेला दर. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि हा रुपया सभेत मोठ्याने सांगितला तर बाया काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. ती ओळ मी घाईत वाचून पुढे जाण्यासाठी राखून ठेवली.

गृहकार्याच्या स्लाइडवर एक पोरगी टेबललॅम्पखाली अभ्यास करत होती, शेजारी चष्मेवाले बाबा आणि दुधाचा पेला. दप्तराबाबतचं 2020चं केंद्र सरकारचं धोरण सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला! मी भाषणात एवढंच लिहिलं की रोज वीस मिनिटं पोराजवळ बसा, वाचता येत नसेल तर त्याला वाचायला लावा आणि ऐका. दुधाचा पेला गाळला.

खरी पंचाईत मूल्यमापनात झाली. स्लाइडवर आकारिक, संकलित, साधनतंत्रे, भारांश असं सगळं एका ओळीत, बाण लावून. चौथीला सत्राच्या 100 गुणांपैकी 60 आकारिक, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, प्रकल्प, छोट्या चाचण्या यांचे. उरलेले 40 संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. मी दोनदा समजावलं. मावशींनी मध्येच थांबवलं.

“म्हंजे कापसावानी. बाईचा काटा रोज सांजच्याले होते, अन् मालकाचा काटा एकदाच, गाडी भरली की. तुमचे साठ मार्क रोजच्या काट्याचे. ज्या दिवशी बाई आलीच नाही, त्या दिवशी काटा कायचा करता?”

मी स्लाइडवरचे सगळे बाण रद्द करून हे उतरवून घेतलं. चौथीच्या पोरीला सत्राअखेरची परीक्षा उत्तम जमली तरी हातात 40च, हे इतक्या कमी शब्दांत आमच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं, आणि प्रशिक्षणात जेवणही होतं.

“पण नापास त करत नाही न तुम्ही आठवीलोक?” त्यांनी विचारलं.

हा गावाचा सगळ्यात पक्का समज, आणि स्लाइडवर याचं उत्तर सोळाव्या ओळीत, बारीक अक्षरात. मी ते भाषणात पहिल्या मिनिटाला आणलं. 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पाचवीला विषयामागे 50 गुण, त्यात 35 टक्के म्हणजे 18 लागतात. नाही मिळाले तर शाळेने जादा शिकवायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही राहिलं तर पोर पाचवीतच बसतं. शाळेतून मात्र काढत नाहीत.

“हे सांगा आधी. बाकीचं मंग.”

वेळेचाही निकाल मावशींनीच लावला. वरून आलेली वेळ सकाळी 11 वाजताची होती, म्हणजे सभेला मी, मुख्याध्यापक आणि भिंतीवरचे महापुरुष. त्यांचं म्हणणं, बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते, तालुक्याची काळीपिवळी साडेनऊला सुटते, त्याआधी घ्या. मग भाषण दहा मिनिटांत बसवणं आलं. पाचवीची परीक्षा, दिवसांचा हिशेब, कापसाचा काटा, वीस मिनिटं, संपलं. त्या तीन घरी मी आदल्या सांजेला जाऊन येणार, तिथे भाषण चालत नाही.

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. “छान आहे. पण यात स्लाइड कुठे आहेत? फोटोत पडद्यावर स्लाइड दिसली पाहिजे, वर कळवायचं आहे.”

सकाळी आठला वर्गात समोरून ऊन येतं, आणि लाइट असेलच असं नाही. तरी कोणती स्लाइड लावायची यावर आमची बरीच चर्चा झाली. मावशी परातीत तांदूळ ओतता ओतता म्हणाल्या, “तो हिरवावाला लावा न जी. वरच्याहिले तोच आवडते.”