साध्या गोळीने दुखणं थांबलं म्हणजे दुखत नव्हतंच?

"औषध नसलेल्या गोळीने ज्याचं दुखणं कमी होतं त्याला मुळात दुखतच नसतं, सगळे मनाचे खेळ." ग्रुपवर फिरतंय.

नाही हो, हे चुकीचं आहे, आणि असं ऐकवल्यामुळे खरंच दुखणारी माणसं गप्प बसतात म्हणून लिहितेय. जखमेकडून निघालेला सिग्नल थेट मेंदूत जात नाही, आधी मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागात थांबतो आणि तिथे तो कमीजास्त होतो. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तेव्हा स्पर्शाच्या जाड नसा तिथल्या अडवणाऱ्या पेशींना जागं करतात, हीच मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांची १९६५ ची गेटची, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या दाराची कल्पना. तिचे बारकावे नंतर बदलले, पण मज्जारज्जूत सिग्नल अडतो हे टिकलं.

आता मुद्दा असा की हे गेट वरूनही बंद होतं. आराम पडेल असं वाटलं की मेंदूच्या खोडातून खाली निरोप जातो आणि शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं सुटतात. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर हे तपासलं, ज्यांना नुसत्या प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या उपचाराने, आराम पडला होता त्यांना नालोक्सोन दिलं, जे अफूजन्य औषधांचा असर तोडतं, आणि त्यांचं दुखणं परत वाढलं. नुसता भास असता तर नालोक्सोनने काय तोडलं असतं? पुढे २००९ मध्ये स्कॅनवर मज्जारज्जूतली हालचालच प्लासिबोने कमी झालेली दिसली.

मात्र याने दाढेतला पू जात नाही, फक्त सिग्नल दबतो, त्यामुळे बरं वाटलं तरी तपासणी टाळू नका.