निम्मा ताण आणि आडवी गळती : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : «महोदय, आपला लेख वाचून गोंधळ वाढला. आपल्या सूत्राप्रमाणे 1 मीटर व्यासाच्या, 10 बार दाबाच्या टाकीला 3.6 मिमी जाडी पुरते. आमच्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात याच मापाचा, दाबलेली हवा साठवणारा उभा रिसीव्हर आहे आणि त्याचा पत्रा 8 मिमी आहे. लांबीच्या दिशेचा ताण परिघाच्या दिशेच्या ताणाच्या निम्मा असल्यामुळे टाकी उभी फाटते, आडवी नाही, असेही आपण लिहिले आहे. आमचा रिसीव्हर जुलैमध्ये खालच्या गोल वेल्डलगत, चक्क आडव्या रेषेत गळू लागला. मग हे पुस्तकी गणित टिकले कोठे?»

लेखकाचे उत्तर :

सप्रेम नमस्कार.

जाडीबाबतचा आपला आक्षेप मला मान्य आहे. मूळ लेखात मी सूत्र समजावण्यासाठी ताण = p D / 2t, म्हणजे दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी, एवढेच वापरले आणि 3.6 हा आकडा तसाच सोडून दिला. तो आकडा बिनजोड, कधीही न गंजणाऱ्या नळकांड्याचा आहे, आणि असे नळकांडे कोणत्याही वर्कशॉपमध्ये तयार होत नाही. हे तेथेच सांगायला हवे होते. तेव्हा 8 मिमीपर्यंतचा हिशेब आधी पूर्ण करतो.

बॉयलर दर्जाची SA-516 Gr 70 ही प्लेट धरली, तर अमेरिकी ASME संहितेप्रमाणे साध्या तापमानाला तिचा अनुज्ञेय ताण 138 मेगापास्कल आहे. आपला दाब 10 बार, म्हणजे 1 मेगापास्कल. पत्रा वाकवून नळकांडे करताना एक उभा जोड येतोच, ज्याला फॅब्रिकेशनवाले लाँग सीम म्हणतात. हा जोड दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेला असला, तरी त्याची रेडिओग्राफी, म्हणजे आरपार फिल्म काढून तपासणी, केलेली नसेल तर संहिता त्याची कार्यक्षमता 0.7 एवढीच धरू देते. काही ठिकाणी नमुन्यादाखल फिल्म काढली तर 0.85 आणि पूर्ण जोडाची काढली तरच 1. लहान रिसीव्हरच्या बाबतीत फिल्मचा खर्च सहसा टाळला जातो आणि त्याची भरपाई जाड पत्र्याने केली जाते. या संहितेतील जाडीचे सूत्र असे आहे; त्यात t ही जाडी, P हा दाब, R ही आतली त्रिज्या, S हा अनुज्ञेय ताण आणि E ही जोडाची कार्यक्षमता :

t = P R / (S E − 0.6 P) = 1 × 500 / (138 × 0.7 − 0.6) = 5.2 मिमी

भाजकातून वजा होणारी 0.6 P ही रक्कम ताण जाडीभर अगदी एकसारखा नसतो, आतल्या पृष्ठावर किंचित जास्त असतो, त्याची दुरुस्ती आहे. आपल्या टाकीत तिच्यामुळे जाडीत 0.03 मिमीचाच फरक पडतो, कारण व्यास जाडीच्या शंभरपटीहून अधिक आहे. व्यास जाडीच्या वीसपटीच्या आत आला की मात्र पातळ भिंतीचे गृहीतक सोडावे लागते. आता 5.2 मध्ये गंजासाठी राखलेले 1.5 मिमी मिळवले की 6.7 होतात. गिरणीतून येणारा पत्रा सांगितल्यापेक्षा थोडा पातळ असू शकतो, म्हणून बाजारात सहज मिळणारी त्यापुढची जाडी, म्हणजे 8 मिमी, घेतली जाते. आपल्या फॅब्रिकेटरने पत्रा वाया घालवलेला नाही, आणि सूत्रही चुकलेले नाही. चूक माझ्या अर्धवट उदाहरणाची होती.

गळतीच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि उत्तराचा मोठा भाग मी त्यासाठीच राखून ठेवला आहे.

निम्मेपणा कोठून येतो ते आपल्याच टाकीच्या आकड्यांत पाहू. टाकी उभी चिरून तिचे दोन अर्ध वेगळे केले अशी कल्पना केली, तर दर मिलिमीटर लांबीमागे 1000 मिमी रुंदीवरचा दाब, म्हणजे 1000 न्यूटन, ते अर्ध एकमेकांपासून दूर ढकलतो. त्यांना धरून ठेवणाऱ्या कडा दोन असल्यामुळे प्रत्येक कडेच्या वाट्याला 500 न्यूटन येतात. आता टाकी आडवी कापून पाहा. तळाच्या डिश एंडवर, म्हणजे टाकीचे तोंड बंद करणाऱ्या फुगीर ताटलीवर, येणारे एकूण बल सुमारे 785 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 80 टन वजनाइतके आहे. हे ऐकताना फार वाटते, पण त्याला पेलणारी कड सबंध परिघाएवढी, 3142 मिमी लांब आहे, आणि म्हणून दर मिलिमीटरला 250 न्यूटनच पडतात. जाडी 8 मिमी असताना परिघाच्या दिशेचा ताण, म्हणजे हूप स्ट्रेस, 62.5 मेगापास्कल येतो आणि लांबीच्या दिशेचा 31. याच कारणाने केवळ लांबीच्या दिशेचा विचार केला तर 2.6 मिमी जाडी पुरली असती. बॉयलरची नळी अति तापून फुटते तेव्हा ती लांबीच्या दिशेनेच, बांगड्याने तोंड उघडावे तशी फाकते, तेही याच हिशेबाने.

परंतु या साऱ्या हिशेबाखाली एक अट दडलेली आहे : भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असली पाहिजे. आपल्या टाकीत तीच अट मोडली असावी, असा माझा अंदाज आहे. टाकी मी पाहिलेली नसल्यामुळे याला निदान म्हणता येणार नाही.

जुलैतल्या गोव्याच्या हवेचा विचार करा. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत साधारण 26 ग्रॅम बाष्प असते. तीच हवा गेजवर 7 बार दिसेपर्यंत दाबून पुन्हा 35 अंशांपर्यंत थंड होऊ दिली, तर आकारमान आठव्या हिश्श्यावर आल्यामुळे तिच्यात जेमतेम 5 ग्रॅम बाष्प मावते, आणि उरलेल्या 21 ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला 3 घनमीटर हवा ओढणारा काँप्रेसर आठ तास चालला तर हे पाणी सुमारे 30 लिटर भरते. काँप्रेसरमधून निघालेली हवा थंड करणाऱ्या आफ्टरकूलरचा, पाणी वेगळे काढणारा सेपरेटर ठीक असेल तर त्यातले बरेचसे तेथेच निघून जाते; तो बंद असेल, किंवा नसेलच, तर पुष्कळसे रिसीव्हरच्या तळाशी उतरते. एक मीटर व्यासाच्या लंबवर्तुळी डिश एंडमध्ये सुमारे 130 लिटर पाणी मावते. म्हणजे ड्रेनचा कॉक गंजाच्या खपलीने चोंदला, तर चार-पाच पाळ्यांतच पाण्याची पातळी खालच्या गोल वेल्डपाशी, सर्क सीमपाशी, येऊन ठेपते. पाणी आणि हवा जेथे भेटतात त्या रेषेवर पोलाद सर्वांत वेगाने खाल्ले जाते, आणि वेल्डशेजारची, तापून पोत बदललेली पट्टी बहुधा त्यातही आधी खाल्ली जाते. अशा रीतीने आतून परिघभर एक अरुंद चर पडतो.

या चराशी आल्यावर दोन ताणांचे वागणे वेगळे होते. हूप स्ट्रेसला पळवाट असते : चर दहा मिलिमीटर रुंद असेल, तर त्याच्या वरची आणि खालची पूर्ण जाडीची भिंत परिघाच्या दिशेचा भार आपल्याकडे ओढून घेते. हा आधार साधारण √(R t) एवढ्या अंतरापर्यंत पोहोचतो. आपल्या टाकीत ते अंतर सुमारे 63 मिमी येते, म्हणून दहा मिमीचा चर त्याच्या पूर्ण आश्रयात असतो. सूत्रात चराची जाडी घालून काढलेला हूप स्ट्रेस त्यामुळे तेथे प्रत्यक्षात निर्माणच होत नाही. लांबीच्या दिशेच्या ताणाला अशी पळवाट नाही. दर मिलिमीटरचे ते 250 न्यूटन चरातूनच पलीकडे गेले पाहिजेत, कारण चर परिघभर असेल तर वळसा घालायला जागाच उरत नाही. चराखाली 2.6 मिमी धातू उरला की हा ताण 96 मेगापास्कलवर जातो, म्हणजे 0.7 कार्यक्षमतेसह मिळणारी सारी मुभा संपते. शिवाय चर एकाच बाजूने पडलेला असल्यामुळे बलाची रेषा आणि उरलेल्या धातूचा मध्य जुळत नाहीत, तेथे वाकाचा ताण वाढतो, आणि काँप्रेसर दिवसभर सुरू-बंद होताना तो ताण प्रत्येक वेळी चढतो-उतरतो. साध्या सूत्रात यातले काहीच येत नाही. म्हणून आडव्या रेषेतील गळती निम्म्या ताणाच्या विरोधात जात नाही. ज्या दिशेला जाडीची दुप्पट शिल्लक होती, त्या दिशेची शिल्लक गंजाने खाऊन टाकली, एवढेच ती सांगते.

माझा अंदाज खोटा ठरवण्याची वाटही सांगून ठेवतो. दाब पूर्ण उतरवून आणि टाकी हवेच्या लाइनपासून विलग करून खालचे तपासणीचे झाकण उघडा. गळतीच्या कडेचा धातू निमुळता, खड्डेदार आणि काळ्या-तांबड्या पुटाने झाकलेला असेल तर गंज समजावा. कडेपर्यंत जाडी पूर्ण असून फट सरळ वेल्डच्या मुळातून जात असेल तर मुळापर्यंत धातू न पोहोचल्याचा दोष, किंवा त्यातून वाढलेली थकव्याची भेग, समजावी. तसे असेल तर माझे वरचे चार परिच्छेद आपल्या टाकीला लागू नाहीत. जाडीची मोजणी अल्ट्रासोनिक गेजने करताना टाकीच्या मध्यावर चार बिंदू घेऊन थांबू नये. तेथे 7.6 मिमी दिसेल, हूप स्ट्रेस 66 येईल, आणि अहवालावर समाधानाने सही होईल. खालच्या सर्क सीमच्या दोन्ही बाजूंना, वेल्डला अगदी लागून, दर 25 मिमीला एक बिंदू घेत सबंध परिघ फिरावा लागतो. खडबडीत चरावर गेजचा प्रोब नीट बसत नाही आणि आकडा भलताच येतो, म्हणून आतून खोलीचे साधे गेज लावून पडताळा घ्यावा.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. अशा गळतीवर बाहेरून वेल्डचा एक थर चढवून टाकी पुन्हा चालू केल्याचे मी एका ठिकाणी पाहिले आहे. त्या थराने भोक बुजले, पण आतला चर होता तेवढाच राहिला आणि शेजारच्या पातळ पट्टीला नव्याने ताप बसला. दुरुस्ती करायचीच असेल तर खराब भाग कापून काढून नवा पत्रा बसवावा लागतो आणि त्यानंतर 1.3 पट दाबाची, आपल्या बाबतीत 13 बारची, चाचणी पाण्याने घ्यावी लागते. हवेने ती कधीही घेऊ नये, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा टाकी फुटताना एकदम मोकळी होते, पाण्यात ती नगण्य असते. पाण्याची चाचणी पार पडली म्हणजे त्या दिवशी धातू पुरेसा होता एवढेच कळते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत किती उरेल हे जाडीच्या दोन नोंदींमधील फरकावरूनच काढावे लागते. आपल्याकडे टाकी बसवतानाची मूळ नोंद असेल, तर आताच्या मोजणीसह ती येथे कळवावी. गंजाचा वार्षिक वेग आणि उरलेले आयुष्य यांचा हिशेब त्याच आकड्यांवर मांडून दाखवीन, आणि मूळ लेखातील 3.6 मिमीचे उदाहरणही त्याच वेळी दुरुस्त करीन.