शिशाचे अक्षर आणि टाइप केलेले अक्षर

"आता सगळे डिजिटल आहे. रुग्णाचे नाव वर्कलिस्टमधून आपोआप येते, तारीख यंत्र स्वतः टाकते आणि उजवे-डावे नंतर कन्सोलवर टाइप करता येते. शिशाचे मार्कर चिकटवत बसणे ही फिल्मच्या काळातली सवय आहे. शिवाय काही उलटसुलट झालेच, तर पाहणाऱ्या डॉक्टरांच्या ते लक्षात येतेच."

हा संदेश तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन गेलेला आहे, आणि काल एका इंटर्नने मला तो दाखवून "मॅडम, यात चूक काय आहे?" असे सरळ विचारले. प्रश्न योग्य आहे, म्हणून आज एक्स-रे यंत्रांची ओळख बाजूला ठेवून याच संदेशातील एकेक मुद्दा घेऊ.

नावापासून सुरुवात करू. वर्कलिस्टमध्ये नाव आणि नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा बरोबरच असतात. चुकते ती त्या ओळीची आणि टेबलावर झोपलेल्या माणसाची सांगड, आणि ही सांगड यंत्र घालत नाही, तुम्ही घालता. आधीच्या रुग्णाचा अभ्यास बंद करायचा राहिला आणि पुढच्याचे एक्स्पोजर झाले, तर दुसऱ्याची छाती पहिल्याच्या नावावर सुबक अक्षरांत जाऊन बसते. एकाच सकाळी नाव आणि आडनाव दोन्ही सारखे असलेल्या दोन स्त्रिया बाह्यरुग्ण विभागात येणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून "तुम्ही अमुकच ना?" असे कधीही विचारू नका. दोन तास रांगेत बसलेली, कमी ऐकू येणारी आजी कोणत्याही नावाला मान डोलावते. "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे म्हणा आणि उत्तर केस पेपरशी ताडून पाहा. दुसरी खूण म्हणून पुस्तकांत जन्मतारीख सांगितलेली असते, पण आपल्या कितीतरी ज्येष्ठ रुग्णांच्या आधार कार्डावर 1 जानेवारी हीच तारीख आहे, त्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही. दुसरी खूण नोंदणी क्रमांकाचीच घ्या. दाखल रुग्ण असेल तर तो मनगटावरच्या पट्टीवरून वाचा, खाटेला अडकवलेल्या कागदावरून नाही, कारण रुग्णाची खाट बदलली तरी तो कागद पुष्कळदा जुन्या जागीच राहिलेला असतो.

जिथे अजून चित्र टिपणाऱ्या कॅसेट वापरल्या जातात, तिथे धोका थोडा वेगळा आहे. आयसीयूत सहा रुग्णांच्या छातीची चित्रे पोर्टेबल यंत्रावर काढली आणि मामांनी कॅसेट एकावर एक रचून खाली आणल्या, की शेवटची कॅसेट सर्वांत वर येते. यादी मात्र पहिल्या खाटेपासून सुरू होते. वरून एकेक कॅसेट रीडरमध्ये घातली आणि यादीतील नावे क्रमाने निवडत गेले, तर सहाच्या सहा चित्रे चुकीच्या माणसांच्या नावावर चढतात. यावर एकच उपाय मला भरवशाचा वाटतो. एक्स्पोजरच्या आधी, त्या खाटेपाशीच उभे राहून, कॅसेटवर चिकटपट्टी लावून नोंदणी क्रमांक लिहायचा. चित्र उघडल्यावर ते आदल्या दिवशीच्या चित्राशेजारी ठेवून पाहा. काल मानेतून सेंट्रल लाइन घातलेली होती आणि आज ती नाही, किंवा काल नसलेली जुनी, भरून आलेली बरगडी आज दिसते आहे, तर चित्र पुढे पाठवू नका. अशी अदलाबदल एका रुग्णापुरती कधीच राहत नाही, कारण ज्याचे चित्र दुसरीकडे गेले त्याच्या नावावरही कोणाचे तरी भलतेच चित्र आलेले असते.

तारखेबद्दल थोडक्यात सांगते. यंत्र तारीख टाकते ती स्वतःच्या घड्याळावरून, आणि त्या घड्याळाची आतली बॅटरी संपली की पोर्टेबल यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागते. चित्रे साठवणाऱ्या पॅक्स प्रणालीत ती तारखेनुसार लागतात, त्यामुळे आजचे चित्र यादीच्या तळाशी जाते आणि राउंडला आलेले डॉक्टर सर्वांत वरचे, म्हणजे कालचे चित्र आजचे समजून पाहतात. श्वासनलिकेतील ट्यूब सकाळी दोन सेंटिमीटर मागे घेतली असेल, तर त्यांना ती अजून खोलच दिसेल आणि ती पुन्हा ओढली जाईल. म्हणून ड्यूटी सुरू करताना कन्सोलवरची तारीख आणि वेळ स्वतःच्या मोबाइलशी जुळवून पाहा. आयसीयूत एका दिवसात दोन-तीन चित्रे निघतात, तेव्हा तारखेइतकीच वेळही महत्त्वाची असते.

आता बाजूचा मुद्दा, आणि माझ्या मते हा संदेश सर्वांत जास्त इथेच चुकतो. शिशाचे अक्षर आणि टाइप केलेले अक्षर पडद्यावर सारखेच दिसत असले, तरी त्यांच्यात मूलभूत फरक आहे. शिशाचा R तुम्ही रुग्णाच्या उजव्या अंगाला, किरणांच्या क्षेत्राच्या आत ठेवता, त्यामुळे तो त्याच एक्स्पोजरमध्ये शरीरासोबत चित्रात उतरतो. पुढे कोणी चित्र आडवे पालटले, फिरवले किंवा दुसऱ्या रुग्णालयात उघडले, तरी तो R उजव्या अंगालाच राहतो, आणि चित्र पालटले असेल तर अक्षरही पालटून दिसते. टाइप केलेला R मात्र शरीराला पाहून आलेला नसतो. चित्र पडद्यावर ज्या दिशेने दिसते आहे ती बरोबर आहे असे गृहीत धरून तो लावला जातो, म्हणजे जी गोष्ट तपासायची तिच्याच आधारावर तो उभा असतो. शिवाय अनेक प्रणालींत अशी टिप्पणी चित्राच्या वर वेगळ्या थरात साठवली जाते आणि दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर ती दिसेलच असे नाही.

अक्षर उलटे दिसले म्हणजे चूक झालीच, असा अर्थ मात्र घेऊ नका. छातीचा पीए, म्हणजे पाठीकडून किरण सोडून घेतलेले चित्र, काढताना रुग्णाची पाठ एक्स-रे ट्यूबकडे असते. स्टँडवर ट्यूबकडे तोंड करून चिकटवलेले अक्षर ट्यूबच्या बाजूने सरळ वाचता येते, पण आपण चित्र रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा असल्यासारखे लावतो, म्हणून त्यात ते अक्षर उलटे दिसते आणि ते बरोबरच असते. एपीमध्ये, म्हणजे समोरून किरण सोडताना, ट्यूब समोर असते, त्यामुळे तसेच चिकटवलेले अक्षर सरळ दिसते. मार्कर कोणत्या तोंडाने लावायचा याची एकच पद्धत संपूर्ण विभागाने पाळली, तर अक्षराच्या दिशेवरून चित्र पीए आहे की एपी हेही तपासता येते.

यावरूनच शेवटच्या मुद्द्याकडे, म्हणजे डॉक्टरांच्या लक्षात येण्याकडे वळते. उजव्या गुडघ्याचे समोरून काढलेले चित्र आडवे पालटले, की ते डाव्या गुडघ्याचे चित्र होते. फिब्युला बाहेरच्या अंगाला असते हे ठाऊक असूनही काही उपयोग नसतो, कारण पालटलेल्या चित्रातही ती डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगालाच दिसते. हात, घोटा, पाऊल यांचेही तसेच आहे. जगातील सर्वांत अनुभवी रेडिओलॉजिस्टला दाखवले, तरी फक्त हाडांवरून त्यांना बाजू सांगता येणार नाही.

"छातीत तरी हृदय डावीकडे असते ना?" असे तुम्ही म्हणाल. त्यासाठी एका रात्रीची गोष्ट सांगते. तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात नोकरीला होते. मोटारसायकलच्या अपघातात सापडलेला एक तरुण अपघात विभागात आला, धाप लागलेली होती, आणि मी पोर्टेबल डीआर यंत्रावर झोपलेल्या स्थितीत त्याच्या छातीचे एपी चित्र काढले. कन्सोलवर आधीच्या रुग्णाची पीए निवड तशीच राहिली होती आणि ती बदलायला मी विसरले. त्या यंत्रात पीए निवडले की चित्र आपोआप पालटून दिसत असे आणि पडद्याच्या डाव्या कडेला R आपोआप उमटत असे. चित्र आले तेव्हा फुप्फुसाबाहेर साठलेली हवा पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने रुग्णाच्या डाव्या बाजूला दिसत होती आणि हृदय दुसरीकडे ढकललेले होते. निवासी डॉक्टरांनी डाव्या बाजूचा टेन्शन न्यूमोथोरॅक्स असे वाचले, आणि पडद्यावरच्या चित्रावरून ते वाचन अगदी सुसंगत होते. डावीकडे हवेचा दाब असेल तर हृदय उजवीकडे सरकणारच. प्रत्यक्षात हवा उजवीकडे होती आणि हृदय डावीकडे सरकलेले होते, पण त्याचे आरशातले रूपही तितकेच पटण्यासारखे दिसत होते. रुग्ण आडवा असल्यामुळे जठरातील हवेचा बुडबुडा ओळखता येत नव्हता आणि महाधमनीची कडाही धूसर होती.

सिस्टर ती हवा काढण्याच्या ड्रेनचा ट्रे उघडत होत्या, तेवढ्यात माझी नजर पडद्याच्या उजव्या कडेकडे गेली. मी त्याच्या उजव्या खांद्याजवळ ठेवलेला शिशाचा R तिथे, हवेच्या बाजूला, उलटा दिसत होता. एपीमध्ये तो उलटा दिसायला नको होता. मी तसे सांगताच डॉक्टरांनी पुन्हा दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावला आणि बोटांनी ठोकून पाहिले. श्वासाचा आवाज उजवीकडे नव्हता. ड्रेन उजव्या बाजूला गेला. त्या रात्री पडद्यावर दोन R होते, एक यंत्राने लावलेला आणि एक मी ठेवलेला, आणि यंत्राने लावलेला R खोटा होता कारण माझी निवड चुकली होती.

शिशाच्या मार्करलाही मर्यादा आहेत. तो ठेवणाऱ्याने चूक केली, तर तो त्या चुकीचीच ग्वाही देतो, म्हणून तो हातात घेण्याआधी रुग्णाला दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवायला सांगा. अर्जावर उजवा गुडघा लिहिला आहे आणि रुग्ण डावा दाखवतो आहे, असे झाले तर दोहोंपैकी एकाची निवड तुम्ही करू नका, अर्ज लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. किरणांचे क्षेत्र आवळताना किंवा नंतर पडद्यावर कड कापताना मार्कर बाहेर जाणार नाही, हे पाहा. आणि प्रत्येक चित्रावर तो हवा, फक्त पहिल्यावर नाही, कारण समोरचे आणि बाजूचे चित्र पुढे स्वतंत्रपणे उघडले जाते. छातीच्या बाजूच्या चित्रात जे अंग डिटेक्टरला टेकलेले आहे, त्याचे अक्षर लावायचे.

पाठवलेल्या चित्रात चूक सापडली, तर सर्वप्रथम ज्यांनी ते पाहिले असेल त्या डॉक्टरांना आणि वॉर्डला फोन करा, दुरुस्ती त्यानंतर. चित्र गुपचूप पुसू नका. मूळ नोंद राहू द्या, पॅक्सच्या जबाबदार व्यक्तीकडून ते योग्य नावावर हलवून घ्या किंवा योग्य बाजू नोंदवून घ्या, आणि काय चुकले, कोणी व किती वाजता दुरुस्त केले ते नोंदवहीत लिहा. फक्त नाव किंवा तारीख चुकली असेल आणि चित्र कोणाचे, कधीचे हे निर्विवाद सिद्ध करता येत असेल, तर रुग्णाला पुन्हा किरण देण्याचे कारण नाही. गुडघ्याच्या चित्रात मार्करच नसेल आणि बाजू कशावरूनही सिद्ध होत नसेल, तर आठवणीवर विसंबून R टाइप करू नका. रुग्णाला परत बोलवा, त्याला कारण सांगा, आणि मार्कर ठेवून चित्र पुन्हा काढा.