सोनं महागलं म्हणजे एक्सपोर्टवाल्यांचं सोन्याहून पिवळं? नाही हो

"सोनं औंसाला ४००० डॉलर झालं म्हणजे आपल्या दागिने एक्सपोर्टची चांदीच. तेवढ्याच मालाला दुप्पट डॉलर येणार, मजुरी आपली स्वस्त त्यामुळे इटलीवाले आपोआप मागे पडणार, आणि सोन्यावरची इम्पोर्ट ड्युटी तर सरकारने जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्के केलीच होती." असं आमच्या धंद्याबद्दल बरेचदा ऐकतो.

दुप्पट डॉलर येतात हे खरंय, पण ते आपल्याकडे थांबत नाहीत ना राव. सोनं बाहेरूनच आणावं लागतं, म्हणजे दागिन्यातल्या सोन्याचे डॉलर जसे येतात तसेच परत जातात. हातात राहते ती फक्त मजुरी. १० ग्रॅमचं १४ कॅरेटचं ब्रेसलेट घ्या, त्यात शुद्ध सोनं ५.८५ ग्रॅम. भाव २००० डॉलर असताना त्या सोन्याचे ३७६ डॉलर व्हायचे, ४००० ला ७५२ होतात. मजुरी समजा ६० डॉलर, ती दोन्ही वेळी ६०च. बिल ४३६ चं ८१२ झालं, कमाई होती तिथेच. म्हणून "एक्सपोर्ट वाढला" अशी बातमी आली की मी आधी किलो किती गेले ते बघतो, डॉलर नंतर.

आता स्वस्त मजुरीचं. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. समजा तेच ब्रेसलेट इटलीवाला ९० डॉलर मजुरीत करतो, म्हणजे आपण ३० नी स्वस्त. जुन्या भावात बायरला ४६६ विरुद्ध ४३६, फरक साडेसहा टक्क्यांच्या आसपास, त्यासाठी तो मुंबईला यायचा. नव्या भावात ८४२ विरुद्ध ८१२, फरक साडेतीन टक्के, आणि एवढ्यासाठी तो डिलिव्हरी आणि फिनिशिंगची रिस्क कशाला घेईल?

त्यात घट वेगळीच. अंधेरीत सीप्झ या एक्सपोर्ट झोनमधल्या एखाद्या युनिटमध्ये बेंचजवळ जाऊन बघा, फाइलिंगची भुकटी ट्रेमध्ये गोळा करतात, झाडलेली धूळ रिफायनिंगला जाते, हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून ठेवतात, तरी थोडं सोनं हरवतंच. हातकामात मशीनपेक्षा २ टक्के जास्त घट धरली तर या ब्रेसलेटमागे ०.११७ ग्रॅम, म्हणजे आधी साडेसात डॉलर आणि आता १५. म्हणजे ३० डॉलरच्या फायद्यातले निम्मे तिथेच गेले. मजुरी स्वस्त असल्याचा फायदा डॉलरमध्ये आहे तेवढाच राहतो, घटीचा तोटा मात्र भावाबरोबर चढतो.

आणि टॅरिफ. तो मजुरीवर नाही तर सोन्यासकट अख्ख्या किमतीवर लागतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के जादा टॅरिफ आला, युरोपच्या मालावर तेव्हा सगळा मिळून १५ होता. म्हणजे आपल्या ८१२ वर ४०६ डॉलर, जिथे आमची मजुरीच ६०! भाव २००० वर असता तर हाच टॅरिफ २१८ बसला असता. टॅरिफचा आकडा वरखाली होत राहतो, पण दर कितीही असो, सोनं चढलं की त्याचा चटका वाढतोच.

ड्युटीचा मुद्दा चटकन संपवतो. जुलै २०२४ ची कपात देशातल्या गिऱ्हाइकासाठी मोठी होती. एक्सपोर्टरला मात्र एक्सपोर्टपुरतं सोनं आधीपासून ड्युटी-फ्री मिळायचं, किंवा भरलेली ड्युटी ड्रॉबॅकमध्ये परत यायची. कपातीने पैसे कमी अडकले इतकंच.

याविषयी कोणी बोलत नाही पण खरा गळफास आहे तो बँक लिमिटचा, म्हणजे बँक जास्तीत जास्त किती उधार देते त्याचा. समजा लिमिट १२ कोटी. सोनं किलोला ६० लाख होतं तेव्हा २० किलोचा माल फिरवता यायचा, १ कोटी २० लाखाला फक्त १० किलो. ऑर्डर आली तरी निम्मीच घेता येते, बायरचं पेमेंट ९० दिवसांनी आलं तर तोवर दुसरी उचलता येत नाही. गोल्ड लोन, म्हणजे बँकेकडून सोनंच उधार घेतलं असेल आणि मधेच भाव चढला की बँक आणखी मार्जिन मागते, तेही त्याच लिमिटमधून. आमच्याकडे मागे एका ऑर्डरचा भाव बायरने लॉक केला होता आणि आम्ही सोनं तीन दिवस उशिरा उचललं, तेवढ्यात भाव चढला आणि अख्ख्या लॉटची मजुरी गेली.

बायर तरी काय करतोय? १४ कॅरेटचं १० कॅरेट करा, १० ग्रॅमचं ६ ग्रॅममध्ये बसवा, दिसायला तेवढंच मोठं हवं. आता बिनखड्यांच्या प्लेन मालात मजुरी बहुतेक ग्रॅमवर ठरते. पोकळ, पातळ पीस करायला कारागिराला वेळ तेवढाच, कधी जास्तच, कारण पातळ पत्रा सोल्डरिंगला दबतो. पण ग्रॅम ६, म्हणजे ६० ची मजुरी ३६ वर आली. म्हणून हल्ली आम्ही हलक्या मालाचं कोटेशन ग्रॅमवर देतच नाही, पीसवर देतो. निम्मे बायर त्यावरच फोन ठेवतात.