आईची व्हीलचेअर आणि एक चुकलेलं अक्षर

विमानाचं तिकीट काढताना ‘व्हीलचेअर हवी’ यावर टिक केली की काम झालं, असं मीही समजत होते. आईच्या मागच्या प्रवासानंतर मात्र कंपनीला फोन करून ‘कोणता कोड टाकलाय?’ हे विचारल्याशिवाय मी स्वस्थ बसत नाही.

व्हीलचेअरचे मुख्य कोड तीन असतात. WCHR म्हणजे लांब चालता येत नाही, पण जिना चढता-उतरता येतो. WCHS म्हणजे जिना जमत नाही, विमानात मात्र स्वतःच्या सीटपर्यंत चालता येतं. WCHC म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, सपाटीवर हळूहळू चालते, जिना अशक्य. म्हणजे तिचा कोड WCHS. आमच्या बुकिंगवर पडला होता WCHR.

चेक-इनपासून पहिल्या विमानात बसेपर्यंत काहीच जाणवलं नाही, कारण तिथे थेट एरोब्रिजवरून आत जायचं होतं. कनेक्शनच्या विमानतळावर विमान लांब उभं राहिलं आणि दाराला जिना लागला. WCHS असता तर उचलून खाली आणणारी गाडी बोलावली गेली असती. आई कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. खाली पोचली तेव्हा तिचे हात थरथरत होते. हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं.

दुसरी गोष्ट वेळेची. व्हीलचेअरवाल्यांना विमानात सहसा आधी चढवतात, पण उतरवतात सगळ्यांत शेवटी. त्यानंतर खुर्ची येण्याची वाट. तिच्या दीड तासाच्या कनेक्शनमधली चाळीस मिनिटं इथेच गेली. वर पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं. तिकीट एकच, तरी त्यांच्याकडे व्हीलचेअरची नोंदच पोचली नव्हती. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की वयस्कर माणसासाठी तीन तासांपेक्षा कमी कनेक्शन घेऊच नये, मग तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल. आणि दोन वेगळी तिकिटं तर नकोतच, कारण मग बहुतेक वेळा सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं.

आता मी निदान ४८ तास आधी फोन करते आणि दोन्ही टप्प्यांवर तोच कोड कन्फर्म दिसतोय का, हे वाचून दाखवायला सांगते. दुसरा टप्पा वेगळ्या कंपनीचा असेल तर त्यांनाही फोन. चेक-इनच्या काउंटरवर पुन्हा एकदा विचारते.

आणखी एक. त्या दिवशी आईने सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला ‘बाथरूमला जायचंय’ कसं सांगायचं, म्हणून. आता तिच्या पर्समध्ये मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी असते: नाव, दोन्ही फ्लाइट नंबर, माझा फोन आणि खाली ‘गेटवर सोडण्याआधी कृपया बाथरूमला न्या’. गेल्या वेळी तिने ती नुसती पुढे केली.