मुंग्या, वारं आणि आजीच्या गोवऱ्या

“आजी उंबऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, ‘मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात, वारं फिरलंय, ढग भरलेत. परवापर्यंत पाऊस येणारच.’ आणि आला! हवामान खात्याचा अंदाज मात्र चुकला. मुंग्यांना हवेचा दाब कळतो हे आता शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलंय. उपग्रहापेक्षा आपली आजी बरी. पटलं तर पुढे पाठवा.”

ही गोष्ट मला एकाच आठवड्यात चार जणांनी पाठवली. अशी आजी मलाही होती, माण तालुक्यातली. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी मुंग्या. भिंतीच्या कडेने रांग लागते तेव्हा त्यांच्या तोंडात जे पांढरे, तांदळाच्या कणीएवढे दाणे दिसतात ती बहुधा अंडी नसतातच. मुंगीचं अंडं इतकं बारीक असतं की चालत्या रांगेत ते नीट दिसतही नाही. आपल्याला दिसतात त्या अळ्या आणि कोष. या पिल्लांना ठरावीक ऊब आणि ओलावा लागतो, म्हणून मुंग्या त्यांना बिळात सतत वर-खाली हलवत असतात. बिळाला धक्का लागला, आत पाणी शिरलं किंवा माती फार तापली, तर सगळा संसार घेऊन बाहेरही पडतात.

यात मेख आहे ती पाणी शिरण्याची. पहिली सर पडून गेली की बिळं ओली होतात आणि मुंग्या उंबऱ्यावर येतात. आपण ते पाहतो, आणि दोन दिवसांत पुन्हा पाऊस येतो. पाऊस असा सरीमागून सरी येतो, एका दिवसापुरता क्वचितच. म्हणजे मुंग्यांनी कालच्या पावसाची बातमी दिलेली असते आणि आपण ती उद्याची समजतो. दिव्याभोवती गोळा होणाऱ्या ‘पंखवाल्या मुंग्यां’चंही तेच. त्यातल्या बहुतेक मुंग्या नव्हेत, ती वाळवी. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कमरेला बारीकपणा नाही, यावरून ओळखू येते. ती बाहेर पडते ती सहसा पहिला चांगला पाऊस झाल्यावर, माती भिजली की.

आता ‘सिद्ध केलंय’. किड्यांवर हवेच्या दाबाचा परिणाम होतो हे दाखवणारा एक प्रयोग खरोखर झालाय, 2013 साली तो प्रसिद्ध झाला. पण त्यात होते एक भुंगेरा, एक पतंग आणि मावा. दाब उतरला की त्यांची जोडीदाराशी जुळणी मंदावते, एवढं त्यात दिसलं. मुंग्यांना परवाचा पाऊस कळतो, असं त्यात कुठेही नाही.

शिवाय आपल्याकडे दाबाची एक गंमत आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज, अगदी निरभ्र दिवशीही, सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक साधारण तीन-चार मिलिबारचा. ज्यांच्या फोनमध्ये दाबमापक आहे त्यांनी जागा न बदलता दोन्ही वेळा आकडा लिहून पाहावा. जागा बदलू नका म्हणतोय कारण पंचवीस-तीस मीटर उंच चढलात तरी तेवढाच फरक पडतो. साध्या वळवाच्या आधी होणारी घट या रोजच्या चढउतारात सहज लपून जाते. मुंगी नुसत्या दाबावर चालली असती तर तिने रोज दुपारी बिऱ्हाड हलवलं असतं.

वारं आणि ढग यांबाबत मात्र मी आजीच्या बाजूने आहे. मे महिन्यात दुपारी ती अंगणात थापलेल्या गोवऱ्यांवर लक्ष ठेवून असायची. पूर्वेला ढग फुलकोबीसारखा वर चढू लागला की म्हणायची, “वारं पडलंय, बघ.” अंगाला घाम चिकटायचा, कडुलिंबाचं पान हलायचं नाही. मग एकाएकी ढगाच्या बाजूने गार वारा यायचा, धुरळा उडायचा, ओल्या मातीचा वास यायचा आणि ती ओरडायची, “आलं आलं, गोवऱ्या आत घ्या!” वीस-पंचवीस मिनिटांत टपोरे थेंब.

यात जादू नाही. ढगातून पडणारं पाणी वाटेत थोडं वाफ होतं, त्याने हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे धावणारा गार वारा तो हाच. ढग दहा किलोमीटरवर असला आणि वारा ताशी तीस किलोमीटरने निघाला तर वीस मिनिटांत आपल्यापाशी येतो. वास येतो तो पलीकडच्या गावात भिजलेल्या मातीचा. पण असा एकेक ढग अर्ध्या-पाऊण तासात विरतोही. वारा येतो, धुरळा डोळ्यांत जातो आणि पाऊस शेजारच्या शिवारात. आजीने एकाच दुपारी तीनदा गोवऱ्या आत-बाहेर केल्याचं मला आठवतंय. ती गोष्ट कुणी पुढे पाठवत नाही. हवामान खातं रडारवर ढग पाहून तीन तासांपुरता इशारा देतं, तो याच जातीचा. फक्त रडारला डोंगराआडचाही ढग बऱ्याचदा दिसतो.

राहिला खात्याचा चुकलेला अंदाज. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ हे वाक्य माझ्या अंगणाबद्दल नसतंच. अंगण कोरडं राहिलं म्हणून ते खोटं ठरत नाही. आता घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतात, तो वाचावा.

आणि ‘परवापर्यंत’ हा शब्द फार सोयीचा आहे. समजा महिन्याच्या 30 दिवसांत 8 दिवस पाऊस झाला. मग कोणताही एक दिवस कोरडा जाण्याची शक्यता 73 टक्के. आज, उद्या आणि परवा, तिन्ही कोरडे जाण्याची 73 टक्क्यांचे 73 टक्के, त्याचे पुन्हा 73 टक्के, म्हणजे सुमारे 39. थोडक्यात, मुंगीकडे न बघता ‘परवापर्यंत येणार’ म्हटलं तरी 61 टक्के वेळा बरोबर! पाऊस सलग दिवसांत गोळा होतो म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा खाली येईल, पण मुंग्यांना आधी त्याच्यावर जावं लागेल. जुलैत महाबळेश्वरला तर डोळे मिटून सांगावं. खरी परीक्षा घ्यायची तर मुंग्या दिसल्या आणि पाऊस आला नाही ते दिवसही वहीत लिहायला हवेत, आणि मुंग्या दिसल्या नाहीत तरी आला तेही.

माझा खरा राग आहे तो या गोष्टीवर पेरणी करायला सांगणाऱ्यांवर. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग देतो. पहिल्या सरीवर बाजरी टाकली आणि पुढे पंधरा दिवस ताण पडला तर बियाणं जातं, दुबार पेरणी येते. आजीने मुंग्या बघून कधी पेरलं नाही. पाऊस उघडला की ती खुरपं घेऊन बांधापलीकडे जायची, चार-पाच ठिकाणी माती उकरायची, मूठभर घेऊन दाबून बघायची. आजोबा घरातून विचारायचे, “वल किती गेली?” ती नुसती वीत करून दाखवायची. वीत भरली नाही तर तिफण जागची हलायची नाही, मग उंबऱ्यावर मुंग्यांची जत्रा का भरेना.